आधी लहान मूळ काढा

नववीत शिकलेला संश्लेषक भागाकार पुढे कुठे वापरतात, हे शाळेत सहसा कुणी सांगत नाही. संगणकावर मोठ्या घाताच्या बहुपदीची मुळे शोधताना तो रोज लागतो. न्यूटनच्या पद्धतीने एक मूळ r मिळाले, की बहुपदीला (x − r) ने भागायचे. घात एकाने उतरतो आणि पुढचा शोध त्या लहान बहुपदीत चालतो. याला डिफ्लेशन म्हणतात. अडचण अशी, की संगणकाला मिळालेले r जवळपास बरोबर असते, तंतोतंत नव्हे.

x³ − १११x² + १११०x − १००० = ० हे समीकरण घ्या. त्याची मुळे १, १० आणि १००. समजा आधी मोठे मूळ सापडले, पण १०० ऐवजी १००.०१ असे; म्हणजे दहा हजारांत एक इतकीच चूक. भागाकार केला, की उरते x² − १०.९९x + १०.८९०१. बाकी शून्य यायला हवी होती, ती आली सुमारे ८९. ती आपण सोडून देतो. आता या वर्गसमीकरणाची मुळे काढा: ९.८९ आणि १.१०! एकाच्या जागी १.१०, म्हणजे दहा टक्के चूक. भागाकारात प्रत्येक नवा सहगुणक आधीच्याला r ने गुणून मिळतो. त्यामुळे r शंभराच्या घरातले असले की चूकही पायरीगणिक तितक्या पटीने फुगते, आणि तिचा सगळा भार शेवटच्या पदावर पडतो. लहान मुळे ठरवते ते नेमके हेच पद.

उलट क्रमाने जाऊन पाहू. आधी लहान मूळ, तेही तेवढ्याच चुकीसह १.०००१ घेतले, तर उरलेली मुळे ९.९९९९ आणि १००.००००१ येतात. ब्रिटनच्या जेम्स विल्किन्सन यांनी १९६३च्या पुस्तकात या चुकांचे विश्लेषण केले. मुळे लहानापासून मोठ्याकडे काढावीत, हा नियम त्यांच्याच कामातून रूढ झाला. १९७०ची जेन्किन्स-ट्राउब पद्धतही साधारण याच क्रमाने चालते. मोठे मूळच आधी हाती लागले, तर भागाकार स्थिर पदाकडून सुरू करायचा. मग १००.०१ घेऊनही लहान मूळ १.०००० येते, कारण आता गुणाकाराच्या जागी r ने भागणे आहे.

क्रम पाळूनही थोडी चूक उरतेच. म्हणून आलेले प्रत्येक मूळ मूळच्या बहुपदीत परत घालून न्यूटनच्या एकदोन पायऱ्या कराव्यात, उरलेल्या बहुपदीत नव्हे. ती स्वतःच बिघडलेली असते. आपले १.१०१३ पहिल्या पायरीत ०.९९८७ होते, दुसरीत १.००००. मात्र सुरुवातच फार चुकली, तर दोन अंदाज घसरत एकाच मुळावर जाऊन बसू शकतात. ते ओळखायला बेरीज पुरते: इथे तिन्ही मुळे मिळून १११ व्हायला हवीत.