ई-तिकीट कुठून वाचायला सुरुवात करावी?

विमानाच्या ई-तिकिटावरच्या ओळी प्रवासाच्या क्रमाने छापलेल्या असतात. आधी निघण्याचं शहर, मग वेळ, टर्मिनल, विमानाचा क्रमांक, क्लास, सामान, मधला थांबा आणि पुढचं विमान. वाचणाराही त्याच क्रमाने वाचतो आणि तारखा-वेळा जुळल्या की कागद मिटून ठेवतो. हा क्रम छापण्यासाठी ठीक असला तरी वाचण्यासाठी तो सोयीचा नाही, असं माझं मत आहे. कारण टर्मिनल, क्लास, सामान आणि लेओव्हर या चारही ओळींचा अर्थ एका वेगळ्याच गोष्टीवर ठरतो. हा सगळा प्रवास एका तिकिटावर आहे, की दोन तिकिटं एका कागदावर छापली आहेत? याचं उत्तर मिळालं नसेल तर बाकीच्या ओळी शब्दशः बरोबर वाचूनही माणूस फसतो.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांना ओळखीचा वाटेल असा एक नमुना घेऊ. नागपूरहून न्यूयॉर्कला मुलीकडे निघालेल्या आई-वडिलांचं हे तिकीट आहे. १२ डिसेंबरला रात्री ९.५५ वाजता विमान नागपूरहून सुटतं आणि ११.३५ला मुंबईच्या टर्मिनल १वर उतरतं. पुढे १३ डिसेंबरला पहाटे ४.१५ला मुंबईच्या टर्मिनल २वरून दोहा आणि दोह्याहून न्यूयॉर्क. पहिल्या टप्प्यापुढे सामानाच्या रकान्यात 15K असं आहे, पुढच्या दोन्ही टप्प्यांपुढे 2PC. मधे बारीक अक्षरात लिहिलंय, मुंबईत लेओव्हर ४ तास ४० मिनिटं, दोह्यात ३ तास. वर एकच बुकिंग क्रमांक, खाली एकच एकूण रक्कम. वरवर पाहता यात वावगं काहीच नाही.

आता तिकीट क्रमांक शोधायचा. तो आणि पीएनआर एक नव्हेत. पीएनआर हा सहा अक्षर-अंकांचा, आरक्षणाच्या नोंदीचा क्रमांक. ई-तिकीट क्रमांक तेरा आकडी असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे तिकीट काढून देणारी विमान कंपनी सांगतात. ०९८ म्हणजे एअर इंडिया, १५७ म्हणजे कतार एअरवेज, १७६ म्हणजे एमिरेट्स, २२० म्हणजे लुफ्तान्सा. नुसतं आरक्षण आहे पण तिकीट क्रमांक नाही, अशी नोंद मुदत संपल्यावर आपोआप रद्द होऊ शकते. पैसे भरल्यानंतर हा क्रमांक आला की नाही हे बघणं म्हणूनच पहिलं काम. आपल्या नमुन्यात दोहा आणि न्यूयॉर्कच्या टप्प्यांखाली १५७ने सुरू होणारा क्रमांक आहे. नागपूर-मुंबईखाली मात्र फक्त एक वेगळा पीएनआर आहे. अनेक स्वस्त विमान कंपन्या थेट विकलेल्या तिकिटावर तेरा आकडी क्रमांक देतच नाहीत. म्हणजे इथे करार दोन आहेत. वरचा एकच बुकिंग क्रमांक विकणाऱ्या संकेतस्थळाचा आहे. विमान कंपनीच्या काउंटरवर त्याला अर्थ नाही.

इथे उलट्या बाजूची गफलतही होते. एका तिकिटात उड्डाणांचे चारच कूपन मावतात. नागपूरहून न्यूयॉर्कला जाऊन परत यायचं तर सहा उड्डाणं होतात, तेव्हा कंपनी लागोपाठचे दोन क्रमांक देते आणि शेवटचे आकडे तिरक्या रेघेने किंवा आडव्या रेघेने जोडून छापते. पहिले तीन आकडे तेच आणि क्रमांक लागोपाठचे अशी जोडी दिसली तर ते एकच तिकीट समजावं, घाबरायचं कारण नाही. आकड्यांचा एकमेकांशी संबंधच नसेल किंवा एका टप्प्याला क्रमांकच नसेल, तेव्हा थांबून विचारायला हवं.

क्रमांक सापडला नाही तरी सामानाची ओळ तीच गोष्ट सांगते, म्हणून ती मला सगळ्यात बोलकी वाटते. 15K म्हणजे एकूण पंधरा किलो, बॅगा कितीही असोत. काही कंपन्या त्यातही एकच बॅग धरतात. 2PC म्हणजे दोन नग, आणि इकॉनॉमीत एका नगाची मर्यादा बहुधा तेवीस किलो, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर. तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा नेता येतील असं समजून आईने मसाले, चिवडा, पुस्तकं भरली की एकीचं सामान शेहेचाळीस किलो होतं. नागपूरच्या काउंटरवर त्यातले एकतीस किलो जादा ठरतात आणि प्रत्येक किलोचे पैसे द्यावे लागतात. हाच प्रवास एका तिकिटावर असता तर नागपूरच्या टप्प्यापुढेही 2PC छापलेलं दिसलं असतं. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या एका तिकिटावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सामानाचा एकच नियम लागू करावा, असा तिथल्या परिवहन खात्याचा नियमच आहे. म्हणून बाहेर जाणाऱ्या तिकिटावर सामानाची मर्यादा मधेच बदललेली दिसली, तर तिथेच करार बदलला असण्याची दाट शक्यता आहे. NIL किंवा 0PC दिसलं तर फक्त हातातली बॅग, चेक-इन सामान काहीच नाही. हातातल्या बॅगेची मर्यादाही आपल्याकडे इकॉनॉमीत सहसा सात किलो असते, त्यामुळे जड वस्तू तिकडे सरकवून सुटका होत नाही.

आता लेओव्हर. चार तास चाळीस मिनिटं हा आकडा खोटा नाही, पण तो एक विमान उतरल्यापासून दुसरं उडेपर्यंतचा आहे. दोन करार असल्यामुळे नागपूरला बॅगेवर लागलेला टॅग मुंबईपर्यंतचाच असतो. आई-वडिलांना टर्मिनल १वर पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, बाहेर पडायचं, सांताक्रूझच्या बाजूच्या त्या टर्मिनलवरून सहारच्या टर्मिनल २वर रस्त्याने जायचं, पुन्हा रांगेत उभं राहून बॅगा द्यायच्या आणि मग इमिग्रेशन व सुरक्षा तपासणी. आंतरराष्ट्रीय काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या तासभर आधी बंद करतात, म्हणजे खरी मर्यादा ४.१५ नसून ३.१५. बॅगा मिळायला पाऊण तास आणि टर्मिनल बदलायला तेवढाच वेळ धरला, तर हातात दोन-सव्वादोन तास उरतात. डिसेंबरातल्या धुक्याने उत्तरेकडची विमानं रखडतात आणि तेच विमान पुढे नागपूरला येणार असेल, तर हे दोन तास सहज जातात. आणि विमान चुकलं तर? एका तिकिटावर पुढच्या विमानात बसवणं हे कंपनीचं काम असतं. दोन तिकिटांवर दोह्याच्या कंपनीच्या दृष्टीने हा प्रवासी आलाच नाही, आणि न आलेल्या प्रवाशाचे पुढचे सगळे कूपन, परतीचेसुद्धा, रद्द होऊ शकतात. एका रात्रीच्या उशिरामुळे परतीचं तिकीटही जातं, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. दोह्यातला तीन तासांचा थांबा मात्र आकड्याने कमी असूनही जास्त सुरक्षित आहे, कारण तो एकाच तिकिटाच्या आत आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, मग का घेऊ नयेत? जरूर घ्यावीत, पण हिशेब पूर्ण करून. जादा सामानाचे पैसे आधीच संकेतस्थळावरून भरले तर ते विमानतळावरच्या दरापेक्षा बहुधा कमी पडतात. ते वाचलेल्या रकमेतून वजा करावेत. नागपूरचं विमान सकाळचं घ्यावं आणि दिवस मुंबईत काढावा. हे सगळं करूनही पैसे उरत असतील तर दोन तिकिटं हा शहाणपणाचा निर्णय आहे. दुसरा आक्षेप असा की काही संकेतस्थळं जोडणी चुकल्यास मदतीची हमी देतात. देतात, पण ती हमी संकेतस्थळाची असते. रात्री दोन वाजता टर्मिनल २च्या काउंटरवरचा कर्मचारी ती बंधनकारक मानत नाही. परदेशातल्या थांब्यावर दोन तिकिटं असतील तर आणखी एक अडचण येते. बॅगा उचलण्यासाठी इमिग्रेशन ओलांडून त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो.

क्लासच्या ओळीकडे लोक सहसा बघत नाहीत, कारण इकॉनॉमी हा शब्द वाचला की समाधान होतं. त्यापुढचं एक अक्षर, समजा Q, हे आसनापेक्षा भाड्याच्या अटी ठरवतं. Y हे बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीचं अक्षर. बाकीच्या अक्षरांचे अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळे. शेजारच्या दोन आसनांवर बसलेल्यांची अक्षरं वेगळी असतात आणि एकाला पैसे परत मिळतात, दुसऱ्याला मिळत नाहीत. अक्षर पाठ करून उपयोग नाही, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण मुलीकडचा मुक्काम वाढला तर हे अक्षर कामाला येतं. तारीख बदलायला शुल्क नाही, असं तिकिटावर लिहिलेलं असतं. नव्या तारखेला Q मधलं आसन शिल्लक नसेल तर पुढच्या, महाग अक्षरात जावं लागतं आणि भाड्यातला फरक भरावा लागतो. शुल्क शून्य आणि फरक मोठा, असं त्यामुळे घडतं. तिकीट काढतानाच प्रवासाआधी बदल, प्रवास सुरू झाल्यावर बदल आणि विमान चुकणं, या तिन्ही प्रसंगांत काय भरावं लागेल ते लेखी विचारावं.

टर्मिनलची ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण कागदावरची सर्वात लवकर शिळी होणारी ओळ तीच आहे. करार बदलत नाही, टर्मिनल बदलतं. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक आणि खाली ‘Operated by’ म्हणून दुसऱ्या कंपनीचं नाव असेल, तर टर्मिनल आणि काउंटर त्या दुसऱ्या कंपनीचं धरावं. शहराच्या नावावरही विसंबू नये. गोव्यात GOI म्हणजे मुरगाव तालुक्यातलं दाबोळी आणि GOX म्हणजे पेडणे तालुक्यातलं मोपा. मुंबईजवळ BOM सोबत आता नवी मुंबईचा NMI आहे, ज्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं. प्रवासाच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्याच ॲपवर पीएनआर टाकून टर्मिनल पुन्हा बघावं. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या असतात आणि पहाटेच्या विमानाची तारीख पुढच्या दिवसाची असते. १३ डिसेंबरचं ४.१५ म्हणजे १२च्या रात्रीच घराबाहेर पडायचं.

परदेशातून आई-वडिलांची तिकिटं काढणाऱ्या मुला-मुलींना एकच विनंती आहे. व्हॉट्सॲपवर वेळापत्रकाचा फोटो पाठवू नका. त्यात तिकीट क्रमांक आणि सामानाची ओळ नेमकी कापली जाते. पूर्ण पीडीएफ पाठवा, प्रत्येक टप्प्याच्या विमान कंपनीचा पीएनआर वेगळा लिहून द्या, आणि तिकीट एक आहे की दोन, हे त्यांना फोनवर स्वतः सांगा.