सरावाआधी काट्यावर उभं राहा

चौदा वर्षांची मुलगी. शाळेत साडेबाराला डबा खाते, संध्याकाळी पाच ते सात खो-खोचा सराव करते. पहिला तास सुरेख पळते, नंतर पाय जड होतात, डोकं दुखायला लागतं. घरच्यांना वाटतं, स्टॅमिना कमी आहे. बरेचदा कारण साधं असतं: अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि पोट रिकामं असतं.

तिच्या अंगातून किती घाम जातो, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. सरावाआधी लघवीला जाऊन, हलक्या कपड्यांत वजन करायचं; सरावानंतर घाम पुसून, तसेच कोरडे कपडे घालून पुन्हा करायचं. समजा, आधी वजन ५० किलो भरलं, नंतर ४९.२. मधल्या वेळात ती अर्धा लिटर पाणी प्यायली. म्हणजे घटलेले ८०० ग्रॅम आणि प्यायलेलं अर्धा लिटर मिळून सुमारे १.३ लिटर घाम गेला. वजन साधारण दोन टक्क्यांनी, म्हणजे तिच्या बाबतीत एक किलोनं घटलं, की खेळ मंदावू लागतो. ती त्या रेषेच्या अगदी जवळ आहे.

म्हणून पुढच्या सरावात दर पंधरा-वीस मिनिटांनी दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाणी प्यायला सांगा. तहान लागायची वाट पाहू नका. घरी आल्यावर झोपेपर्यंत घटीच्या दीडपट, म्हणजे सुमारे १.२ लिटर पाणी थोडं थोडं करून द्या. जेवणातल्या मिठामुळे ते अंगात टिकतं. मात्र सरावानंतर वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त झालं, तेव्हा कमी करा. नुसतं पाणी अती प्यायल्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही धोक्याचं असतं. ऋतू बदलला की घामही बदलतो, तेव्हा मोजणी एप्रिलमध्ये पुन्हा करा.

आता खाण्याचं. साडेबाराच्या डब्यानंतर साडेचार तास उपाशी राहून पळणं तिच्यावर अन्याय आहे. चारच्या सुमारास एक केळं किंवा गूळ लावलेली पोळी पुरते. या वेळी वडापाव नको, कारण तळलेलं पोटात बराच वेळ राहतं आणि पळताना मळमळतं. सात वाजता सराव संपल्यावर साडेनऊच्या जेवणापर्यंत थांबवू नका. तासाभरात दूध आणि केळं द्या, मग वरण-भात, पोळी, उसळ किंवा अंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सराव असेल, तर हे विशेष सांभाळा. स्नायूंमधला इंधनसाठा सरावानंतर लगेच खाल्लं तर भराभर भरून निघतो.

सकाळची लघवी गडद पिवळी असेल, तर आदल्या दिवशीचं पाणी कमी पडलं असं समजा. आणि उन्हात खेळताना मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं किंवा चक्कर येऊन पडलं, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता आणि लगेच दवाखान्यात न्या.