५१ तासांचे ३ तास कसे होतात?

समजा, एका छोट्या कारखान्यातल्या कामगाराच्या आठवड्याच्या कामाचे तास एक्सेलमध्ये लिहिले आहेत. सोमवारी ८:३०, मंगळवारी ८:३०, बुधवारी ९:००, गुरुवारी ८:००, शुक्रवारी ८:४५ आणि शनिवारी ८:१५. हे आकडे B2 ते B7 या घरांत आहेत आणि B8 मध्ये बेरीज मांडली आहे. बोटांवर मोजले तर ५१ तास होतात, पण पडद्यावर दिसते ३:००.

बेरीज मात्र चुकलेली नसते. एक्सेल वेळ दिवसाच्या हिशेबाने साठवते. पूर्ण दिवस म्हणजे १, बारा तास म्हणजे ०.५. त्यामुळे ५१ तास आत २.१२५ असे असतात: दोन पूर्ण दिवस आणि वर तीन तास. `h:mm` हे नेहमीचे स्वरूप घड्याळासारखे वागते, पूर्ण झालेले दिवस सोडून देते आणि फक्त उरलेले तीन तास दाखवते. खात्री करायची असेल तर त्या घराचे स्वरूप थोडा वेळ General करून पाहा, २.१२५ दिसेल.

उपाय सोपा आहे. बेरजेच्या घरावर जाऊन Ctrl+1 दाबा, Number या भागात Custom निवडा आणि Type च्या चौकटीत हे लिहा:

```
[h]:mm
```

चौकटी कंसामुळे तास चोविसाला पुन्हा शून्यावर येत नाहीत आणि ५१:०० दिसते. `[m]` लिहिले तर तेच मिनिटांत, म्हणजे ३०६० असे दिसेल.

खरा धोका पगाराच्या हिशेबात आहे. कंसाने फक्त दिसणे बदलते, आतला आकडा २.१२५ च राहतो. तासाला ९० रुपये दर धरून थेट गुणाकार केला तर १९१ रुपये २५ पैसे येतात. म्हणून आधी २४ ने गुणून दिवसांचे तास करावे लागतात:

```
=B8*24*90
```

आता ४५९० रुपये येतात. उत्तराच्या घरावर वेळेचे स्वरूप आपोआप चढले असेल, तर ते Number करून घ्या.

आणखी एक चूक भरताना होते. साडेआठ तासांसाठी कुणी ८.३० असे टिंब देऊन लिहिले, तर एक्सेल ते ८.३ दिवस समजते आणि कंसातल्या स्वरूपात एका दिवसाचे १९९:१२ तास दाखवते. असा अवाढव्य आकडा लगेच डोळ्यांत भरतो. पण वेळ मजकूर म्हणून साठली असेल, तर SUM तिला मुकाट्याने वगळते आणि कामगाराचा अख्खा दिवस बेरजेतून गळतो. असा मजकूर बहुधा घरात डावीकडे चिकटलेला दिसतो, खरी वेळ उजवीकडे. पगारपत्रकावर सही करण्याआधी हा रकाना वरून खाली एकदा डोळ्यांखालून घाला.