बोलीचा आकडा आणि खेळाडूचा खिसा

आयपीएलच्या लिलावात हातोडा पडला की आमच्या मेडशीच्या चहाच्या टपरीवर त्या पोराची पिढी न् पिढी श्रीमंत होते. तो आकडा एका मोसमाचा असतो, हे कुणी ऐकूनच घेत नाही. मला ओढ आहे ती लिलावाबाहेरच्या पैशाची.

रणजीत पैसे दिवसावर मिळतात. 2021 पासूनचा दर असा: वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला 40 हजार, चाळीसपर्यंत 50, त्यापुढे 60 हजार. राखीव खेळाडूला निम्मे. आपला विदर्भ 2024-25 मध्ये अजिंक्य ठरला, तेव्हा साखळीचे सात सामने चार दिवसांचे आणि बाद फेरीचे तीन पाच दिवसांचे होते. म्हणजे 43 दिवस. सगळे सामने खेळलेल्या नवख्याचे 17 लाख 20 हजार होतात, मोसमभर राखीव बसलेल्याचे 8 लाख 60 हजार. संघ साखळीतच बाहेर पडला असता तर नवख्याच्या हाती 11 लाख 20 हजारच आले असते.

कसोटीत जास्त सामने खेळण्यावरचा बोनस 2024 मध्ये जाहीर झाला. मोसमात नऊ कसोट्या असतील, तर चार खेळणाऱ्याला जादा काही नाही. पाच-सहा खेळल्या की प्रत्येक सामन्याचे जादा 30 लाख, सात किंवा अधिक खेळल्या की 45 लाख. पाचव्या कसोटीआधी दुखापत झाली तर दीड कोटी गेले.

आता माझा जुना हट्ट: पुढच्या विक्रीतला वाटा. फुटबॉलमध्ये क्लब पोरगा विकताना करारात लिहून घेतो, की तुम्ही पुढे विकलात तर आम्हाला इतके टक्के. समजा, 10 लाखांना विकला आणि 20 टक्के ठरले. पुढे तो 60 लाखांना गेला. वाटा पूर्ण रकमेवर असेल तर 12 लाख, नफ्यावर असेल तर 10. हे एका शब्दाने ठरतं, म्हणून आधी तोच शब्द वाचावा. आणि करार संपवून पोरगा मोकळा गेला, तर विक्रीच नाही, मग वाटा कशाचा? रहीम स्टर्लिंगला किशोरवयात लिव्हरपूलला देताना क्वीन्स पार्क रेंजर्सने असं कलम घातलं होतं. 2015 मध्ये तो मँचेस्टर सिटीला गेला तेव्हा त्यांना कोट्यवधी मिळाले.

कलम नसलं तरी, खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर फिफाच्या नियमाने रकमेतले पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीसला अर्धा टक्का.

क्रिकेटमध्ये मात्र हे नको, असं आमचे काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. म्हणे संघटनांना मंडळाकडून अनुदान मिळतंच. अनुदान संघटनेला मिळतं हो, गावातल्या मैदानाला नाही. अमरावतीचा जितेश शर्मा 2024 च्या लिलावात 11 कोटींना गेला. फुटबॉलचा हिशेब लावला, तर बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक वर्षाचे पावणेतीन लाख त्याला शिकवणाऱ्यांचे झाले असते. पावणेतीन लाखांत मॅटिंगची विकेट, जाळी आणि वर्षभराचे चेंडू येतात.