अरबी सर्वनामांचे प्रत्यय आणि बदलणारी अक्षरे

अरबीत ‘माझे पुस्तक’ लिहायला एकच शब्द लागतो. किताब म्हणजे पुस्तक. त्याला ‘ई’ जोडले की किताबी, म्हणजे माझे पुस्तक. त्याचप्रमाणे किताबुहु म्हणजे त्याचे, किताबुहा म्हणजे तिचे आणि किताबुना म्हणजे आमचे पुस्तक. मालकी दाखवणारे सर्वनाम नामाच्या शेवटी चिकटते आणि दोन्ही मिळून सलग लिहिले जातात. नाम असे कुणाच्या मालकीचे झाले की ‘अल्’ हे निश्चिततादर्शक उपपद त्याच्या आधी लागत नाही. हेच प्रत्यय क्रियापदाला लागले तर कर्म दाखवतात, आणि नामाआधी येणाऱ्या अव्ययांना लागले तर ‘त्याच्यात’, ‘तुझ्यावर’ असे अर्थ देतात.

किताबसारख्या शब्दात मूळ अक्षरांना धक्का लागत नाही. पण पुष्कळ शब्दांचे शेवटचे अक्षर प्रत्यय लागताच बदलते. मराठीत ‘घोडा’ला ‘ला’ लावण्याआधी ‘घोड्या’ करावे लागते, त्याच जातीचा हा प्रकार आहे. फरक इतकाच की मराठीत हा बदल कानाला ऐकू येतो, तर अरबीत तो कित्येकदा फक्त कागदावर दिसतो. बोलताना चुका कमी होतात आणि लिहिताना जास्त, याचे कारण हेच.

सर्वांत जास्त भेटणारा बदल ‘ता मर्बूता’ या अक्षराचा. नाव ‘बांधलेला ता’ असले तरी रूप ‘हा’ या अक्षराचे आणि डोक्यावर दोन ठिपके. बहुतेक स्त्रीलिंगी नामे या अक्षराने संपतात. वाक्यात थांबून उच्चार केला तर त्याचा ‘त’ ऐकू येत नाही: मदरसा. मात्र हे अक्षर शब्दाच्या अगदी शेवटीच लिहिता येते. प्रत्यय लागला की ते शेवटचे राहत नाही, म्हणून तिथे साधा, उघडा ‘ता’ येतो आणि त्याचा उच्चारही होतो: मदरसती म्हणजे माझी शाळा, मदरसतुहा म्हणजे तिची शाळा. मराठीत फारसीमार्गे आलेल्या अरबी शब्दांत या अक्षराची दोन्ही रूपे सापडतात. हरकत, इमारत, मेहनत यांत ‘त’ टिकला. मदरसा, किल्ला यांत तो गळला.

गोंधळ होतो तो ठिपके गाळल्यामुळे. घाईच्या लिखाणात, आणि इजिप्तसारख्या ठिकाणच्या काही छपाईतही, वरचे दोन ठिपके दिले जात नाहीत. मग तेच अक्षर ‘हा’ दिसते, आणि ‘हा’ तर ‘त्याचा’ या अर्थाचा प्रत्यय. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे मीम, दाल, रा, सीन, हा ही पाच अक्षरे ओळीने आली तर तो शब्द ‘मदरसा’ (शाळा) असू शकतो किंवा ‘मुदर्रिसुहु’ (त्याचा शिक्षक) असू शकतो. निवाडा सोपा आहे. शब्द पुढच्या शब्दाला जोडून स्वरासकट म्हणून पाहायचा. ‘त’ ऐकू आला तर ठिपके हवेत, ‘ह’ ऐकू आला तर ठिपके नकोत. शब्दकोश पाहतानाही हीच वाट उलटी चालावी लागते. ‘मदरसतुहा’ कोशात मिळणार नाही. शेवटचा ‘हा’ काढायचा, उरलेला उघडा ‘ता’ पुन्हा बांधायचा आणि मग ‘मदरसा’ शोधायचा.

खरी परीक्षा ‘हम्जा’ घेतो. हम्जा म्हणजे घशातल्या झटक्याचे चिन्ह. त्याला कधी अलिफची, कधी वावची, तर कधी बिनठिपक्यांच्या ‘या’ची बैठक लागते, आणि कधी तो एकटाच बसतो. अस्दिका म्हणजे मित्र (अनेकवचन). या शब्दाच्या शेवटी दीर्घ ‘आ’नंतर हम्जा आहे आणि तो ओळीवर एकटा लिहितात. ‘त्याचे मित्र’ म्हणायचे तर हम्जा शब्दाच्या मध्यावर येतो, आणि त्याची बैठक विभक्तीच्या स्वरावर ठरते. मित्र वाक्याचा कर्ता असतील तर उच्चार अस्दिकाउहु. ‘उ’मुळे हम्जा वाववर बसतो. कर्म असतील तर अस्दिकाअहु. इथे हम्जा एकटाच राहतो. आधी ‘पासून’, ‘सोबत’ अशा अर्थाचे अव्यय असेल तर अस्दिकाइहि. आता बैठक ‘या’ची. म्हणजे ‘त्याचे मित्र आले’, ‘त्याने आपले मित्र पाहिले’ आणि ‘तो मित्रांसोबत गेला’ या तीन वाक्यांत एकाच शब्दाची तीन स्पेलिंगे होतात. बोलीभाषांमध्ये विभक्तीचे हे स्वर केव्हाच गळून पडले आहेत. म्हणून अरबी मातृभाषा असलेल्यालाही इथे कान मदत करत नाही; आधी व्याकरण लावावे लागते, मग लेखणी चालते. लेखणी अडखळली की बहुधा कर्त्याच्या जागी ‘या’ची बैठक पडलेली असते.

क्रियापदाच्या बाबतीत ‘मला’साठी नुसता ‘ई’ न येता ‘नी’ येतो. मधला ‘न’ क्रियापदाचा शेवटचा स्वर सुरक्षित ठेवतो. इथला बदल मात्र वेगळ्या तऱ्हेचा आहे. ‘त्यांनी लिहिले’ हे कतबू. त्याच्या शेवटी वावनंतर उच्चार नसलेला एक अलिफ लिहितात. अनेकवचनाच्या वावची तेवढी खूण. ‘त्यांनी ते लिहिले’, कतबूहु, म्हटले की हा अलिफ लिहायचा नाही, कारण तो शब्दाच्या शेवटासाठीच असतो. उलट ‘तुम्ही’ दाखवणाऱ्या ‘तुम्’ला प्रत्यय लागताना एक ‘ऊ’ वाढतो आणि तो वावने लिहितात. याचे सुरेख उदाहरण अरबी व्याकरण शिकणाऱ्यांच्या तोंडी असतेच: सअल्तुमूनीहा. सअल्तुम् म्हणजे तुम्ही विचारलेत, मग वाढलेला ‘ऊ’, मग ‘नी’ म्हणजे मला, शेवटी ‘हा’ म्हणजे ती. ‘तुम्ही मला ती विचारलीत’ हे अख्खे वाक्य एका शब्दात मावते. शिवाय मूळ धातूत भर घालून नवे शब्द घडवणारी दहा अक्षरे नेमकी याच शब्दात आहेत, म्हणून ती पाठ करायला हाच शब्द वापरतात.

राहिली अव्यये. यांतली ‘अला’ (वर) आणि ‘इला’ (कडे) ही दोन बिनठिपक्यांच्या ‘या’ने संपतात, पण त्या ‘या’चा उच्चार ‘आ’ होतो. हे अक्षरही शेवटीच शोभणारे. ‘रमा’ (त्याने फेकले) या क्रियापदाच्या शेवटी ते असते, आणि ‘रमाहु’ (त्याने ते फेकले) लिहिताना त्याचा सरळ अलिफ होतो. नामांतही तेच. अव्ययांत मात्र त्याला ठिपके मिळून तो खरा ‘या’ होतो आणि उच्चारही बदलतो: अला अधिक कुम् म्हणजे अलैकुम्. ‘अस्सलामु अलैकुम’ या अभिवादनातला ‘तुम्हांवर’ असा घडला. या ‘ऐ’चा परिणाम प्रत्ययावरही होतो. ‘त्याच्या’साठी एरवी ‘हु’ असतो, पण आधी ‘इ’ किंवा ‘य’ आला की तो ‘हि’ होतो, म्हणून अलैहि. हा बदल तेवढा फक्त उच्चारात राहतो. कागदावर दोन्हींकडे तोच एक ‘हा’ असतो.