जड जिभेची भाकडकथा

मराठी माणसाची जीभ जड असते, त्यामुळे त्याचं इंग्रजी ‘टडटड’ ऐकू येतं, ही समजूत इतक्यांदा आणि इतक्या खात्रीने सांगितली जाते की ती खोडून काढणं भाग आहे. इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्ग तिच्यावर चालतात, पालक तिच्यापायी मुलांना मराठी शाळेतून काढतात आणि चांगली शिकलेली माणसंही मुलाखतीला जाताना ‘आपली जीभ वळत नाही’ म्हणून खाली मान घालतात. ‘टेबल’ किंवा ‘डॉक्टर’ म्हणताना मराठी जीभ इंग्रजी जिभेपेक्षा थोडी मागे टेकते, एवढं त्यात खरं आहे. कारण मात्र साफ खोटं आहे. मराठी बोलणारं मूल ताट, दाढ, बाळ, वेणी, चमचा आणि चहा हे शब्द शाळेत जाण्याआधी बिनचूक बोलतं. त्यात दातांना टेकणारा त आहे, मागे वळणारे ट, ढ, ळ आणि ण आहेत, शिवाय दोन वेगवेगळे च आहेत. हे सगळं करणारी जीभ जड कशी?

खरं कारण कानात आहे, आणि त्याचा पुरावा हार्बर मार्गाच्या पाट्यांवर वाचायला मिळतो. वडाळा रोड आणि शिवडी ही लागोपाठची स्थानकं. दोन्ही नावांत एकच मराठी ड आहे. रोमन लिपीत मात्र वडाळ्याचा ड ‘डी’ अक्षराने लिहिला जातो आणि शिवडीचा ‘आर’ने. पुण्याजवळच्या खडकीचंही इंग्रज अमदानीत असंच ‘किर्की’ झालं. इंग्रजीत मराठी ड नाही. तो पटकन उच्चारताना जीभ टाळूला ओझरती लागते, त्यामुळे इंग्रजी कानाने तो आपल्याकडच्या दोन घरांपैकी कधी एका घरात बसवला, कधी दुसऱ्या. यावरून इंग्रजांची जीभ जड होती असं कुणी म्हणत नाही. मग नेमकी हीच गोष्ट उलट दिशेने घडली की दोष मराठी जिभेचा का ठरावा?

कानाची ही सवय किती लवकर लागते, हे जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतला त आणि ट ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. घरात ज्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलत नाही, तिकडे कान वर्षभराच्या आतच दुर्लक्ष करायला शिकतो. मराठी घरातल्या बाळाला त आणि ट वेगळे ऐकावेच लागतात, कारण ताक आणि टाक हे वेगळे शब्द आहेत. पण या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे वरच्या दातांमागे हिरडीचा जो खडबडीत उंचवटा असतो तिथे जीभ टेकवून केलेला इंग्रजी ‘टी’, त्याच्या भाषेत स्वतंत्र नाही. असा ध्वनी आला की कान तो शेजारच्या घरात ढकलतो.

शेजारची घरं दोन असताना तो त मध्ये न जाता ट मध्येच का गेला, हा रास्त प्रश्न आहे. मराठीने पोर्तुगीजमधून फीत आणि बालदी घेतली, फारसीतून दुकान आणि दरवाजा घेतला, आणि त्यांत त-द आहेत. बटाटा तेवढा अपवाद. इंग्रजी शब्दांत मात्र सरसकट ट-ड आले: तिकीट वगळलं तर स्टेशन, पेट्रोल, गाडीतला गार्ड, काहीही घ्या. तीच मराठी जीभ पोर्तुगीज त सहज घेते, म्हणजे वेगळेपण मूळ ध्वनीत असलं पाहिजे. पोर्तुगीज त दातांना टेकतो, आपल्या त सारखाच. इंग्रजी ‘टी’ बहुधा जिभेचं टोक वर उचलून, दातांना न शिवता होतो, आणि टोक उचलणं ही आपल्या ट ची खूण आहे. दुसरं असं की त-वर्ग इंग्रजीसाठी आधीच भरलेला होता. ‘थिएटर’ हा एकच शब्द पाहा. पहिल्या इंग्रजी ध्वनीला आपण थ दिला. पुढच्या ‘टी’लाही त-वर्गातलंच अक्षर दिलं असतं तर इंग्रजीतला तो भेद मराठीत पुसला गेला असता. ट दिल्याने तो टिकला. म्हणजे मराठी कानाने इथे गोंधळ केलेला नाही, व्यवस्था लावली आहे. लेखनाने ती पक्की केली. इंग्रजी स्वरांसाठी आपण ॲ आणि ऑ ही चिन्हं घेतली, राज्य शासनाने २००९ साली त्यांना वर्णमालेत जागाही दिली. ‘टी’ आणि ‘डी’साठी मात्र ट-ड होतेच, त्यामुळे वेगळ्या चिन्हाची गरज कुणाला भासली नाही.

आता सुधारणेकडे वळू, आणि इथे दुसरा मोठा गैरसमज आडवा येतो. सगळे जिभेच्या जागेमागे लागतात. ऐकणाऱ्याला अडचण होते ती बहुतेक वेळा श्वासामुळे. जोर असलेल्या शब्दावयवाच्या सुरुवातीला इंग्रजी ‘टी’ महाप्राण असतो. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ साली वेगवेगळ्या भाषांत हा श्वास किती वेळ टिकतो ते मोजलं, त्यांत मराठीही होती. इंग्रजी ‘टी’मध्ये जीभ सुटल्यापासून स्वर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे ७० मिलिसेकंद जातात. आपल्या अल्पप्राण ट मध्ये हा वेळ अगदीच थोडा असतो. इंग्रजी ‘डी’मध्येही तो थोडाच असतो. त्यामुळे आपण ‘टाउन’ म्हणतो तेव्हा लंडनच्या माणसाला ‘डाउन’ ऐकू येऊ शकतं, आणि जीभ हिरडीवर नेमकी टेकवली तरी ही चूक तशीच राहते. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० सालच्या पुस्तकात परदेशी माणसांना एकमेकांचं इंग्रजी कळण्यासाठी काय आवश्यक आहे याची छाननी केली. त्यांच्या आवश्यक यादीत हा श्वास आहे, ‘थिएटर’मधला अस्सल इंग्रजी पहिला ध्वनी नाही.

म्हणून पहिला सराव श्वासाचा. ओठांसमोर चार बोटांवर कागदाची पातळ पट्टी धरा आणि ‘टाउन’ म्हणा. पट्टी हलली नाही तर ट अल्पप्राण आहे. ठ चा श्वास आपल्याला लहानपणापासून येतो, तोच इथे आणायचा. ‘स्टेशन’मध्ये मात्र तो आणायचा नाही, कारण स नंतर इंग्रजी ‘टी’ही अल्पप्राणच असतो. पट्टी ‘टाउन’ला फडफडली आणि ‘स्टेशन’ला जवळजवळ स्थिर राहिली, की अर्ध्याहून जास्त काम झालं.

जागेसाठी वडाळ्याच्या दक्षिणेकडची स्थानकंच घ्या. सुरुवात सँडहर्स्ट रोडपासून करावी, कारण त्या नावात मदत करणारे ध्वनी आयते आहेत. मराठी स म्हणताना जीभ हिरडीजवळच असते. आपल्याकडे ट आधी बहुधा ष येतो (कष्ट, नष्ट), त आधी स (मस्त, स्वस्त). त्या सवयीने ‘हर्स्ट’मध्ये जीभ स वरून मागे सरकते. ती सरकू द्यायची नाही. स लांबवा, सस्स, आणि जीभ आहे तिथेच वर दाबून हवा अडवा, मग सोडा. जे ऐकू येईल तो इंग्रजी ‘टी’. ‘सँड’मध्ये तसंच नाक शब्दातला न लांबवा आणि जीभ न हलवता ड सोडा. मधे ण ची छटा ऐकू आली तर जीभ मागे गेली असं समजावं. ही खूण स्वतःच्या कानाला लगेच कळते, कारण न आणि ण मधला फरक ओळखायला मराठी कान तयार आहे. या दोन जागा पक्क्या झाल्यावर डॉकयार्ड घ्या. त्याच्या सुरुवातीला काहीच आधार नाही, म्हणून आधी मनात न धरून ड सोडावा. शेवटी र्ड आहे. ब्रिटिश उच्चारात तिथला र बोलत नाहीत, ‘याऽड’ असं होतं. र सोडून दिला की जिभेला मागे ओढणारं काही उरत नाही. कॉटन शेवटी ठेवावं, कारण दोन स्वरांमधला ‘टी’ सर्वांत पटकन जुन्या सवयीला जातो. शिवाय तिथे शब्दावयवावर जोर नसल्याने श्वासही कमी असतो.

फसगत होते ती साधारण दोन ठिकाणी. काही जण जीभ पुढे नेता नेता थेट दातांवर नेतात आणि ‘तेबल’, ‘दॉक्तर’ म्हणू लागतात. हा उच्चार इंग्रजी कानाला ट पेक्षाही जास्त खटकू शकतो. आणि काही जण नवा ध्वनी मराठीत आणून टाळ, वडाळा हे शब्द बिघडवतात. पडताळणीसाठी स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या ‘प्रात’ या मोफत प्रणालीत पाहता येतं. जीभ सुटल्याची उभी रेघ आणि स्वराचे पट्टे यांतलं अंतर तिथे मोजता येतं, त्यामुळे श्वास आला की नाही याबद्दल वाद उरत नाही.

वय झाल्यावर कान बदलत नाही, हा आक्षेप नेहमीचा. ब्रॅडलो, पिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रौढ जपानी लोकांना इंग्रजी र आणि ल मधला फरक वेगवेगळ्या आवाजांत, अनेक बैठकांत ऐकवला. उच्चार शिकवलाच नाही, तरी त्यांचा उच्चार सुधारला. म्हणून अनेक माणसांच्या आवाजात टी-डीचे शब्द ऐकणं हाही सरावच आहे. उरलेल्या समजुतींना एकेक वाक्य पुरे. जिभेखालचा बंध कापून ट सुधारत नाही, कारण बंध खरंच आखूड असता तर मागे वळणारा ट आधी बिघडला असता. तोंडात गोट्या धरून बोलल्याने जिभेची जागा कळत नाही, घुसमटायचा धोका तेवढा वाढतो. मराठी माध्यमामुळे ट येतो हेही चूक, इंग्रजी माध्यमातली भारतीय मुलंही तोच ट बोलतात.

राहिला प्रश्न, हे बदलावं कुणी. दादर ते वडाळा या टापूत, किंवा भारतात कुठेही, इंग्रजी बोलताना ट-ड वापरल्याने कुणाचं काही अडत नाही. तो भारतीय इंग्रजीचा रुळलेला उच्चार आहे. परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्यांनी, तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी आणि नटांनी श्वास आधी आणि जागा नंतर शिकून घ्यावी. बाकीच्यांनी वेळ दुसऱ्या कामी लावावा. आणि शिक्षकांना विनंती एवढीच, की मुलाला ‘तुझी जीभ जड आहे’ असं सांगणं आजपासून बंद करा.