‘मी लगेच ओळखतो’

हिमायतनगरच्या शाळेतला निबंध असो वा नोकरीचा अर्ज, यंत्राचं लिखाण आपण लगेच ओळखतो असं बहुतेक तपासणाऱ्यांना वाटतं. 2023 मध्ये जेकेश, हॅनकॉक आणि नामन या संशोधकांनी 4,600 जणांपुढे स्वपरिचय ठेवले, काही माणसांचे, काही यंत्राचे, आणि कोणता कोणाचा ते ओळखायला सांगितलं. जेमतेम निम्मी उत्तरं बरोबर आली; नाणं उडवूनही तेवढीच आली असती. ‘मी’ किंवा घरच्यांचा उल्लेख दिसला की लोक तो मजकूर माणसाचा मानत, आणि यंत्र नेमकं तेही सहज लिहितं.

मग एवढी खात्री येते कुठून? पकडलेला मजकूर लक्षात राहतो, निसटलेला कधी कळतच नाही. माझ्या मते तपासणाऱ्याने खरा लेखक माहीत असलेले नमुने गठ्ठ्यात मिसळून आधी स्वतःच्या चुका मोजाव्यात.